बाबांची साठी : हॉलमध्ये वाचायचा मजकूर तपासून द्याल का?

वाईकरीण | १० ऑक्टोबर, रात्री ११:१०

नमस्कार मंडळी. येत्या १४ नोव्हेंबरला माझ्या बाबांना साठ वर्षं पूर्ण होतायत. मी आइंडहोवनला असते. नोकरी नवीन आहे, रजा मिळत नाहीये, त्यामुळे जाणं होणार नाही. दादाने वाईत हॉल घेतलाय. शनिवार आहे, सकाळी साडेअकराची वेळ, म्हणजे आमच्याकडे सकाळचे सात. शंभरेक माणसं असतील.

दादा म्हणत होता व्हिडिओवर चार शब्द बोल. मला ते नको. एक तर मी रडणार, आणि मी नाही रडले तर नेट रडणार. म्हणून मी लिहून पाठवायचं आणि वहिनीने वाचायचं असं ठरलंय. शुभेच्छा आणि आशीर्वाद दोन्ही यायला हवेत. तीन रात्री बसून हे एवढं जमलंय. दयामाया न दाखवता तपासा.

“आदरणीय बाबा, आपणांस षष्ट्यब्दीपूर्ती निमित्त अभिष्टचिंतन! साठाव्या वर्षात पदार्पण करताना आपल्या कर्तृत्वाचा आलेख डोळ्यांसमोर उभा राहतो. बाप म्हणजे आभाळ, बाप म्हणजे वटवृक्ष, ज्याच्या सावलीत आम्ही वाढलो. आपण खस्ता खाऊन आम्हाला घडवलेत. आपणांस दीर्घायुष्य व निरोगी आरोग्य लाभो, आपल्या सर्व मनोकामना पूर्ण होवोत, हाच माझा आशीर्वाद व ईश्वरचरणी प्रार्थना. जीवेत शरदः शतम्! आपली लाडकी कन्या.”

---

नितीन_भाऊ | १० ऑक्टोबर, रात्री ११:४२

बाबांना शुभेच्छा! चांदीच्या वस्तू आता सगळेच देतात. आम्ही सासऱ्यांना पाय दाबायचं मशीन दिलं होतं. फुल बॉडी चेकअपचं कूपनही चालेल, साठीनंतर उपयोगी पडतं. बजेट किती आहे ते सांगितलंस तर अजून सुचवतो.

---

वाईकरीण | १० ऑक्टोबर, रात्री ११:५०

नितीनभाऊ, भेटवस्तू नाही हो, मजकूर विचारतेय. पाय दाबायचं मशीन आईला सुचवते मात्र.

---

जुना_पिंपळ | ११ ऑक्टोबर, सकाळी ६:१५

मजकूर छान आहे. दोन सूचना. ‘आदरणीय’ नको, वडिलांना ‘तीर्थस्वरूप’ लिहायची पद्धत आहे. दुसरं म्हणजे साठीला उग्ररथ शांत करतात, आणि ती जन्मतिथीला करायची असते, तारखेला नाही. बाबांची तिथी कोणती? तसं पाहिलं तर चिंता नाही, संवत्सरांचं चक्र साठ वर्षांचं असल्यामुळे साठाव्या वर्षी तिथी आणि तारीख परत एकत्र येतात. म्हणून तर साठीला एवढं महत्त्व.

---

अनुस्वार | ११ ऑक्टोबर, सकाळी ९:३०

दयामाया नको म्हणालीस म्हणून लिहितो. पस्तीस वर्षं मुद्रितं तपासली आहेत, हात आवरत नाही.

शुद्धलेखन आधी संपवू. ‘अभीष्ट’मधला भी दीर्घ. अभि आणि इष्ट जोडले की अभीष्ट होतं. गावोगावच्या फ्लेक्सवर ऱ्हस्व असतो म्हणून तो बरोबर ठरत नाही. ‘निमित्त’ आधीच्या शब्दाला जोडून लिही. ‘निरोगी आरोग्य’ हा तर पिवळा पीतांबर झाला. आरोग्य म्हणजेच रोग नसणं. निरोगी आयुष्य म्हण किंवा उत्तम आरोग्य म्हण.

‘साठाव्या वर्षात पदार्पण’ चूक. मूल जन्मलं की पहिलं वर्ष सुरू होतं आणि पहिल्या वाढदिवसाला ते वर्ष संपून दुसरं लागतं. तसं साठाव्या वाढदिवसाला साठ पूर्ण होऊन एकसष्टावं लागतं. साठाव्या वर्षात बाबांनी गेल्या वर्षीच पाऊल टाकलं, तेव्हा कुणी हार घातला नाही इतकंच. ‘षष्ट्यब्दीपूर्ती’ आणि ‘साठाव्यात पदार्पण’ ही दोन्ही एका परिच्छेदात ठेवलीस तर हॉलमधला एखादा निवृत्त गुरुजी जेवताना हिशेब मांडत बसेल.

पिंपळराव, वडील आणि आई यांना तीर्थरूप. तीर्थस्वरूप म्हणजे तीर्थरूपांसारखे, म्हणजे काका, मामा, सासरे वगैरे. जन्मदात्याला तीर्थस्वरूप लिहिलं तर जुनी माणसं गालात हसायची.

आता खरं दुखणं. ‘हाच माझा आशीर्वाद’. लेक बापाला आशीर्वाद देत नाही, मागते. वयाने लहान माणूस शुभेच्छा देतो, देवाकडे मागणं मागतो आणि नमस्कार करतो. आशीर्वाद वरून खाली येतो. तुझ्या बाबांना आशीर्वाद देऊ शकेल असं घरात कोणी आहे का?

आणि शेवटचं. बाबा काय करायचे? या मजकुरात ते कुठेच नाही. हा कागद माझ्या शेजाऱ्यांच्या सासऱ्यांपुढे वाचला तरी एक अक्षर बदलावं लागणार नाही.

---

मिरची_भजी | ११ ऑक्टोबर, सकाळी ९:५५

मी पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

वाईकरीण, एक धोक्याची सूचना. हॉलमध्ये एक तरी काका माइक हातात घेऊन ‘साठी बुद्धी नाठी’ म्हणणार आणि स्वतःच हसणार. ते आधी होऊन जाऊ दे, तुझं पत्र त्यानंतर ठेवा.

---

वाईकरीण | ११ ऑक्टोबर, दुपारी २:२०

अनुस्वारकाका, झोंबलं, पण पटलं. वटवृक्ष मी एका शुभेच्छांच्या पानावरून उचलला होता. कबूल.

बाबा वायरमन होते. दोन वर्षांपूर्वी निवृत्त झाले. आधी मंडळ होतं, २००५ला त्याचं महावितरण झालं, पण गावासाठी ते कायम ‘वायरमन अण्णा’च. आजी आहे, बाबांची आई. ब्याऐंशीची आहे, ऐकू कमी येतं, पण खणखणीत आहे. हॉलला येणार आहे.

तिथीचं म्हणाल तर बाबांचा जन्म भाऊबीजेचा, १९६६च्या. त्या वर्षी भाऊबीज १४ नोव्हेंबरला होती. यंदा ती ११ला, बुधवारी येतेय. म्हणजे पिंपळकाका म्हणतात तसे तिथी-तारीख एकत्र आलेले नाहीत, तीन दिवसांचा फरक आहे. आईचं म्हणणं तिथीला करा, दादाचं म्हणणं शनिवारी करा, बुधवारी कोण येणार. भटजींना विचारलं तर ते म्हणाले दोन्ही दिवशी मी मोकळा नाही.

---

गच्चीवरून_चंद्र | ११ ऑक्टोबर, संध्याकाळी ७:०५

पिंपळकाकांचं अर्धं बरोबर आहे. साठ वर्षांनी संवत्सराचं नाव परत येतं. १९६६ला शक १८८८ होतं, यंदा १९४८ आहे, आणि दोन्ही वर्षांचं नाव ‘पराभव’. बाबांची पत्रिका जुन्या पद्धतीने केलेली असेल तर पहिल्याच ओळीत ‘पराभवनाम संवत्सरे’ असं सापडेल.

पण तिथीची तारखेशी गाठ १९ वर्षांनी पडते. १९ सौर वर्षांत जवळजवळ बरोबर २३५ चांद्रमास बसतात. म्हणून १९, ३८ आणि ५७ या वयांना जन्मतिथी आणि जन्मतारीख एखाद्या दिवसाच्या फरकाने शेजारी येतात. बाबांच्या सत्तावन्नाव्या वाढदिवशी, २०२३ला, आमच्याकडे भाऊबीज १५ नोव्हेंबरला होती. आठवतंय का? साठीला ती गाठ पडेलच असं नाही. यंदा तीनच दिवसांचा फरक आलाय. दोन्ही वर्षी दिवाळीच्या आधी अधिक महिना होऊन गेलाय, तेव्हा श्रावण अधिक होता आणि यंदा ज्येष्ठ. नाहीतर अंतर आणखी वाढलं असतं.

---

वाईकरीण | ११ ऑक्टोबर, रात्री ८:३०

२०२३ची भाऊबीज आठवतेय! आत्या म्हणाली होती, ‘यंदा तुझ्या तारखेला चुकून एका दिवसाने ओवाळलं.’

पत्रिका दादाने काढून बघितली. खरंच पहिल्या ओळीत पराभव आहे. बाबा म्हणाले, ‘आत्ता कळलं बढती का मिळाली नाही.’

---

जुना_पिंपळ | ११ ऑक्टोबर, रात्री ९:१०

१९ वर्षांचं मला ठाऊक नव्हतं. मान्य. पण शांत तिथीलाच करावी या मतावर मी ठाम आहे. तारखेला केक कापा, शांत तिथीला.

---

होमकुंड | ११ ऑक्टोबर, रात्री ११:००

आमच्या घरात पौरोहित्य आहे. मी स्वतः बँकेत आहे, पण सुट्टीच्या दिवशी वडिलांबरोबर जातो. शांतीबद्दल थोडं.

पन्नाशीला वैष्णवी, साठीला उग्ररथ, सत्तरीला भैमरथी आणि ऐंशीच्या पुढे सहस्रचंद्रदर्शन, हे लोकांना माहीत असतं. उग्ररथात कलश मांडतात, हवन होतं आणि शेवटी यजमान पती-पत्नींना पाटावर बसवून कलशातल्या पाण्याचा अभिषेक करतात. वाटीतल्या पातळ तुपात स्वतःचा चेहरा बघून ते तूप दान करतात, तेही असतं. साधारण चार तास धरा. साडेअकराचा हॉल असेल तर सकाळी सातला बसावं लागेल आणि यजमान जेवायच्या वेळी अर्धे झोपलेले असतील. हे अनुभवाने सांगतो.

आम्ही तिथीलाच करा असं सांगतो, पण नाही जमलं तर जवळचा चांगला दिवस काढून देतो. साठावं लागल्यावर करायची की साठ पूर्ण झाल्यावर, यावर आमच्या घरातच दोन मतं आहेत. वडील म्हणतात पूर्ण झाल्यावर, चुलते म्हणतात लागल्यावर. दोघांनी एकमेकांच्या यजमानांना नावं ठेवलेली आहेत.

शांत नसेल करायची तर वाढदिवसाचा एक छोटा विधी आहे, तो घरी पाच मिनिटांत होतो. मार्कंडेयाचं स्मरण करून गूळ आणि तीळ घातलेलं दूध अर्धी ओंजळ प्यायचं. ‘अश्वत्थामा बलिर्व्यासो’ म्हणून सात चिरंजीवांची नावं घेतात, ती याच वेळी. भाऊबीजेला सकाळी तेवढं करा आणि मग बहिणीने ओवाळावं. तिथीही सांभाळली जाईल.

---

डॅलसची_काकू | १२ ऑक्टोबर, सकाळी ७:४५

माझा किस्सा सांगते. माझ्या वडिलांच्या साठीला मी इथून गेले होते आणि हौसेने साठ दिव्यांनी ओवाळायचं ठरवलं. कणीक घट्ट मळून, हळद घालून साठ दिवे केले. तुपात भिजवलेल्या फुलवाती घातल्या, स्टीलच्या मोठ्या ताटात मांडले. पेटवता पेटवता एवढा वेळ गेला की चाळिसावा लावेपर्यंत पहिले आठ विझले, कारण पंखा बंद करायचं कोणाच्या डोक्यात आलं नाही. साठही पेटले तेव्हा ताट उचललं, तर कडा इतक्या तापलेल्या की मी किंचाळून ते वडिलांच्या पुढ्यातल्या टेबलावर आदळलं. उपरणं थोडं जळलं.

तुमच्याकडे करणार असतील तर दिवे चौरंगावर मांडून तिथेच ठेवायचे आणि ओवाळायला हातात एकच निरांजन घ्यायचं. पाच जणींनी बारा-बारा लावले तर दोन मिनिटांत होतात. पंखा बंद!

---

वाईकरीण | १२ ऑक्टोबर, दुपारी १:३०

काकू, आईला फोन करून शब्दशः सांगितलं. ती म्हणाली, ‘उपरणं सुती की टेरिकॉटचं?’

---

अनुस्वार | १२ ऑक्टोबर, रात्री ८:००

दिवे झाले, चंद्र झाला, आता कागदाकडे येऊ. तुला आशीर्वादाचं उत्तर मिळालं आहे, फक्त तू ते बघितलेलं नाहीस. हॉलमध्ये ब्याऐंशीची आई बसलेली आहे. साठ वर्षांच्या माणसाच्या डोक्यावर हात ठेवणारं माणूस समोर असणं हे किती जणांच्या नशिबी असतं? आशीर्वाद तिने द्यायचा. तुझ्या पत्राने तिला फक्त हाक मारायची.

संस्कृत ठेवायचं असेल तर नीट ठेव. ‘जीवेत्’चा त् हलन्त, आणि त्याचा अर्थ ‘तो जगो’. तू तर बाबांशी बोलते आहेस. वेदात समोरच्याला उद्देशून आहे ते ‘शतं जीव शरदो वर्धमानः’, वाढत वाढत शंभर शरद जग. साठीच्या माणसाला ‘वाढत’ म्हणणं मला फार आवडतं. पण तुमच्या घरात संस्कृत बोललं जात नसेल तर वगळ. वहिनी अडखळेल आणि सगळं लक्ष तिथेच जाईल.

आणि ‘आपण’ काढ. घरात बाबांना काय म्हणतेस?

---

मिरची_भजी | १२ ऑक्टोबर, रात्री ८:१२

हॉलमध्ये मोठ्याने ‘शतं जीव’ म्हटलं तर मागच्या रांगेत ‘कोणाचा जीव?’ सुरू होईल. वगळच.

---

वाईकरीण | १२ ऑक्टोबर, रात्री १०:४०

घरात ‘अहो बाबा’. दादा लहानपणापासून ‘ए बाबा’ म्हणतो, मी ‘अहो’. का ते कोणालाच माहीत नाही.

आजीचं वाचून लॅपटॉप बंद करून थोडा वेळ बसले.

तुम्ही बाबांबद्दल लिही म्हणता, पण काय लिहू? ते फारसं बोलत नाहीत. फोनवर त्यांचं एकच वाक्य असतं. मी इथे घर घेतलं तेव्हा सगळ्यांना व्हिडिओवर घर दाखवलं. आई पडदे बघत होती, वहिनी स्वैपाकघर. बाबा म्हणाले, ‘बोर्ड दाखव.’ इथे दाराशीच कपाटात मीटर आणि सगळे खटके असतात. कॅमेरा तिथे धरायला लावला. एक एक खटका बघितला, अर्थिंग विचारलं, प्लग गोल पिनांचा आहे हे बघून खूष झाले. मग ईएलसीबीवरचं टेस्टचं बटण दाबायला सांगितलं. दाबल्यावर घरभर अंधार. म्हणाले, ‘ठीक आहे, चालतंय. महिन्यातून एकदा दाबायचं.’ तेव्हापासून दर एक तारखेला फोन येतो. ‘बटण दाबलंस का?’ बस. यात हॉलमध्ये वाचण्यासारखं काय आहे?

---

गच्चीवरून_चंद्र | १२ ऑक्टोबर, रात्री १०:५५

वाईकरीण!! हेच लिही की!

---

अनुस्वार | १३ ऑक्टोबर, सकाळी ८:२०

चंद्राने सांगितलं, मी फक्त मापं देतो. मोठ्याने सावकाश वाचताना मिनिटाला शंभर-सव्वाशे शब्द जातात. जेवणाआधी लोक अडीच मिनिटं ऐकतात, तिसऱ्या मिनिटाला मसालेभाताचा वास येतो. अडीचशे शब्दांत बसव. वाक्यं आखूड ठेव, वहिनीला श्वास घ्यायला जागा मिळेल. आजीला हाक मारलीस की तिथे वहिनीने थांबायचं, हे कागदावर मोठ्या अक्षरात लिहून ठेव. ऐकू कमी येतं म्हणालीस, तेव्हा आजीच्या शेजारी कोणीतरी बसवा.

छापील प्रत द्यायची असेल तर मजकूर दुकानदाराला मेसेजमध्ये पाठवू नकोस, पीडीएफ पाठव. त्यांच्या फॉन्टमध्ये टाकताना ‘दुसऱ्या’, ‘वाऱ्या’ यांतला ऱ्य हमखास फुटतो.

---

चेन्नईची_मावशी | १३ ऑक्टोबर, दुपारी १२:१०

जरा विषयांतर. इकडे साठीला नवरा-बायकोचं पुन्हा लग्न लावतात, हार, मंगळसूत्र सगळं. आमच्या खालच्या मजल्यावरचे आजी-आजोबा तिरुक्कडैयूरला जाऊन करून आले, तिथलं देऊळ मार्कंडेयाच्या कथेचं म्हणून साठीला तिथेच गर्दी असते. तुमच्या आईला सुचवून बघ!

---

वाईकरीण | १३ ऑक्टोबर, संध्याकाळी ६:३०

मावशी, सुचवलं. आई म्हणाली, एकदा केलं तेवढं पुरे आहे.

मंडळी, हे बघा. सगळं फाडून परत लिहिलंय. मोठ्याने वाचून वेळ लावली, सव्वादोन मिनिटं झाली.

“तीर्थरूप बाबांना, शिरसाष्टांग नमस्कार.

आज तुम्हाला साठ वर्षं पूर्ण झाली. तुमचा जन्म भाऊबीजेचा, त्यामुळे तुमचा वाढदिवस कायम आत्याच्या ओवाळणीत उरकला. आज पहिल्यांदा सगळे फक्त तुमच्यासाठी जमलेत, आणि नेमकी मी तिथे नाही.

मला पावसाळ्यातलं आपलं घर आठवतं. ताटात भाकरी वाढलेली असायची, लाइट जायची आणि दारात कोणीतरी यायचं. ‘अण्णा, डीपीवरचा फ्यूज गेलाय.’ तुम्ही ताट झाकायला सांगायचात. खिशाला पेनाशेजारी टेस्टर लावायचात आणि निघायचात. तासाभराने लाइट यायची. दादा आणि मी ‘आली!’ म्हणून ओरडायचो. लाइट आली म्हणजे तुम्ही खांबावरून उतरलात, हे आईला कळायचं. तरी गाडीचा आवाज येईपर्यंत ती तुमच्या ताटावरचं झाकण काढायची नाही.

मी परदेशात घर घेतलं तेव्हा सगळ्यांनी पडदे बघितले. तुम्ही म्हणालात, ‘बोर्ड दाखव.’ ईएलसीबीचं बटण दाबायला लावलंत. तेव्हापासून दर एक तारखेला तुमचा फोन येतो आणि तुम्ही एवढंच विचारता, बटण दाबलंस का?

बाबा, मी लहान आहे. तुम्हाला आशीर्वाद मी देऊ शकत नाही. तो आजीने द्यायचा आहे. आजी, तुझ्या मुलाच्या डोक्यावर हात ठेव.

(वहिनी, इथे थांब. आजीचं होऊ दे. घाई करू नकोस.)

मी देवाकडे एवढंच मागते की तुमचे गुडघे चालत राहोत, चष्म्याचा नंबर आहे तिथेच राहो, आणि वाढलेली भाकरी गरम असतानाच तुम्हाला खायला मिळो. आता दारात कोणी आलं तर दादा उठेल.

मला तुमचा आशीर्वाद हवा आहे.

आज एक तारीख नाही, चौदा आहे. तरी सकाळी उठून बटण दाबलं. लाइट गेली. खटका वर केला, आली.

तुमची चिमी.”

---

डॅलसची_काकू | १३ ऑक्टोबर, रात्री ८:०५

मी ऑफिसात आहे आणि लोक विचारतायत काय झालं.

---

नितीन_भाऊ | १३ ऑक्टोबर, रात्री ८:४०

छान. ते चेकअपचं कूपन मात्र विचारात घे, गुडघ्याचं लिहिलंच आहेस.

---

जुना_पिंपळ | १३ ऑक्टोबर, रात्री ९:००

डोळे भरून आले. आता तिथीचं काय ठरलं ते सांग.

---

वाईकरीण | १३ ऑक्टोबर, रात्री ९:२५

११ला सकाळी घरी तीळ-गुळाचं दूध आणि आत्याचं ओवाळणं. १४ला हॉल, साठ दिवे चौरंगावर. शांतीचं अजून अडलंय. आईला हवी आहे, बाबा म्हणतात चार तास मी पाटावर बसू शकत नाही. दोघंही मला फोन करून स्वतंत्रपणे आपली बाजू सांगतायत. होमकुंड, चार तासांचं तुम्ही लिहिलंत ते मी बाबांना दाखवायला नको होतं.

---

होमकुंड | १३ ऑक्टोबर, रात्री ९:४०

पाटाऐवजी खुर्ची चालते. वडिलांना विचारून लिहितोय.

---

जुना_पिंपळ | १३ ऑक्टोबर, रात्री ९:४५

खुर्ची? शांतीला?

---

अनुस्वार | १४ ऑक्टोबर, सकाळी ८:१०

खुर्चीचं तुम्ही बघा. कागदावर माझ्या दोन लाल खुणा.

‘ईएलसीबीचं बटण’ काढ. बाबांना कळेल, पण वहिनी तिथे अडखळेल आणि शंभर जणांना ते बँकेचं नाव वाटेल. ‘बोर्डावरचं एक बटण’ पुरे. शेवटी ते पुन्हा येतं तेव्हा सगळ्यांना आपोआप कळतं.

दुसरं, ‘आता दारात कोणी आलं तर दादा उठेल’. दादाला वायरिंग येतं का?

---

वाईकरीण | १४ ऑक्टोबर, दुपारी १२:५०

बटण बदललं.

दादाला बल्ब बदलता येत नाही. पण दार उघडता येतं, म्हणून ते वाक्य ठेवतेय.